एका वाक्यात दहा विशेषणं

2025 चा ऑक्टोबर. मालवणात सिंधुदुर्गाच्या होड्या नुकत्याच परत सुरू झालेल्या, आत्याच्या होमस्टेला पुण्याची पहिली मंडळी येऊन गेलेली, आणि मी वरच्या खोलीत इन्व्हर्टरच्या भरवशावर लॅपटॉप उघडून बसलेली. तेव्हा एक ब्रोशर आलं. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर गोल्फ द्यु मॉर्बियाँ म्हणून एक आखात आहे, त्याच्या काठावरच्या एका टुरिस्ट ऑफिसचं. पुढच्या सीझनसाठी 24 पानं, साधारण 6800 फ्रेंच शब्द, इंग्रजीत हवं, मुदत दोन आठवडे. मधली एजन्सी ओळखीची होती, रेट फ्रेंच शब्दांवर होता (हे पुढे कामाला येतं, कारण इंग्रजी शब्द कमी केले म्हणून माझे पैसे कमी होणार नव्हते), आणि वर ब्रिटनी! म्हणजे मासे, होड्या, भरती-ओहोटी, कालवं. मला वाटलं हे तर आपल्याच घरचं काम, चार दिवसांत उडवते.

पहिलंच वाक्य वाचलं आणि चहा करायला उठले.

क्लायंटचा मजकूर जसाच्या तसा देत नाही, थोडा बदलून सांगते, पण माप तेच आहे. व्हेरिताब्ल ज्वायो, म्हणजे खराखुरा अलंकार, हिरवाईच्या दागिन्यांच्या पेटीच्या हृदयात नीशे म्हणजे विसावलेलं, हे शार्माँ, पेती, ओताँतीक बंदर आपल्या इदिलीक परिसराने, पितोरेस्क गल्ल्यांनी आणि आखातातल्या इनोंब्राब्ल बेटांवरच्या एक्सेप्स्यॉनेल, आ कूपे ल सूफ्ल, म्हणजे श्वास तोडणाऱ्या देखाव्याने तुम्हाला भुरळ घालेल. हे एक वाक्य. मी पेन्सिलीने मोजली, 'विसावलेलं' धरून दहा विशेषणं, आणि त्यात ठोस वस्तू किती तर बंदर, गल्ल्या, बेटं, देखावा. चार. एकेका वस्तूच्या डोक्यावर अडीच विशेषणं, होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरावीत तसं.

पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे सगळं इंग्रजीत आणलं. प्रत्येक फ्रेंच विशेषणाला इंग्रजी जोडीदार सापडतोच, नेसल्ड, चार्मिंग, ऑथेंटिक, इडिलिक, पिक्चरेस्क, ब्रेथटेकिंग, अगदी शाळेत जोड्या लावा करायचो तसं. दोन पानं झाली की सॅम्पल इंग्लंडमधल्या एडिटरबाईंना पाठवायचं असं ठरलं होतं, ते पाठवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: व्याकरणात चूक काही नाही, पण दोन पानं वाचूनही हे गाव कसं दिसतं ते मला कळलं नाही, आणि हा माणूस मला काय विकायला बघतोय असं मात्र सारखं वाटत राहिलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. चूक माझी थोडीच, मूळ तसंच आहे. रात्री जेवताना आत्याला सांगत होते तर ती म्हणाली, "ह्यां सगळा खरा गो, पण खोलीतसून दर्या दिसता काय नाय, तां सांग." तिच्याकडे फोन करणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, त्यामुळे तिला जगातल्या सगळ्या टुरिझमचा सारांश तोच वाटतो. पण माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी हललं, कारण त्या अख्ख्या वाक्यात समुद्र नक्की कुठून आणि किती दिसतो हे नव्हतंच.

आता फ्रेंच लोक असं का लिहितात. ते खोटारडे आहेत म्हणून नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' लिहितात, ते वाचून कुणी असं समजत नाही की वधूपिता खरंच हात जोडून देवासमोर बसलाय. तो एक साचा आहे, आणि तो साचा वाचायची सवय आपल्याला आहे, आपण मनातल्या मनात वजाबाकी करतो. फ्रेंच वाचक ब्रोशर वाचताना तीच वजाबाकी करतो. त्याला ही भाषा म्हणजे पर्यटनाचा पोशाख वाटते, फुलांच्या गुच्छासारखी, आणि गुच्छच नसेल तर उलट त्याला वाटेल की यांनी स्वागत धड केलं नाही. इंग्रजीत, त्यातही ब्रिटिश वाचकाच्या बाबतीत, प्रॉब्लेम असा की तो वजाबाकी करत नाही, तो संशय घेतो. इतकं बोलतोय म्हणजे पार्किंग नसणार. शिवाय इंग्रजीतही हे शब्द आहेतच, ब्रेथटेकिंग, हिडन जेम, नेसल्ड वगैरे, पण ते तिथे इतके घासलेत की डोळा त्यांच्यावरून घसरून पुढे जातो. म्हणजे शब्दाला शब्द दिला तर अर्थ पोचतो पण परिणाम उलटा होतो.

मग मी परत पहिल्यापासून सुरू केलं, यावेळी प्रिंट काढून, लाल पेन घेऊन. प्रत्येक विशेषणाला गोल करायचा आणि विचारायचं, हे काढलं तर वाचकाच्या हातातून काही जातं का? 'व्हेरिताब्ल' काढलं, काही गेलं नाही. फ्रेंचमध्ये तो शब्द खरं म्हणजे रूपकाची माफी मागायला असतो, म्हणजे अलंकार म्हणतोय पण बरं का खरंच. इंग्रजीत रूपकच जाणार होतं, मग माफी कशाला. दागिन्यांची पेटी म्हणजे एक्रँ, 'हिरवाईची पेटी' हा फ्रेंच ब्रोशरांचा इतका आवडता शब्द आहे की 24 पानांत तो सहा वेळा आला, आणि इंग्रजीत पेटी म्हटलं की माणसाला खरोखरची पेटी दिसते. पण थांबा, त्या पेटीत एक माहिती आहे: गावाच्या मागे झाडं आहेत. तेवढी ठेवायची. 'पेती' म्हणजे लहान, हे विशेषण खरं आहे, कारण बंदर लहानच आहे, ठेवलं. 'शार्माँ' उडालं.

'इनोंब्राब्ल' म्हणजे अगणित बेटं. इथे मला मजा आली. मॉर्बियाँ या नावाचाच अर्थ ब्रेटन भाषेत 'छोटा समुद्र', आणि त्या आखाताबद्दल दंतकथा अशी की वर्षात जितके दिवस तितकी तिथे बेटं, म्हणजे 365. खरी मोजली तर चाळीसच्या आसपास भरतात, खडकाला बेट म्हणायचं की नाही यावर आकडा थोडा हलतो. म्हणजे अगणित अजिबात नाहीत, चक्क मोजलेली आहेत! आणि 'चाळीसेक बेटं' हे वाचणाऱ्याला अगणितपेक्षा जास्त दिसतात असं माझं मत, कारण अगणित म्हटलं की डोळ्यासमोर धुकं येतं. दंतकथा मी आतल्या पानावर ठेवली, दंतकथा म्हणूनच.

राहिला प्रश्न 'ओताँतीक'चा, आणि माझे सगळ्यात जास्त तास यात गेले. हा शब्द ब्रोशरमध्ये 13 वेळा होता. बंदर ओताँतीक, बाजार ओताँतीक, खानावळ ओताँतीक, शिंपल्यांच्या शेडमधली भेट ओताँतीक. इंग्रजीत तेरा वेळा ऑथेंटिक लिहिलं की वाचकाला वाटणार आधी इथे नकली काहीतरी होतं. बरं, सरसकट उडवायचा तर तेही बरोबर नाही, कारण लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येक ठिकाणी काहीतरी होतं, फक्त ते त्याने सांगितलं नव्हतं. आणि मी मनाने भरू शकत नाही, हे महत्त्वाचं. मला वाटलं म्हणून 'कोळी रोज पहाटे मासे उतरवतात' लिहिलं आणि तिथे गेली दहा वर्षं फक्त यॉट असतील तर? अनुवादकाला विशेषण काढायचा हक्क एक वेळ आहे, नवीन माहिती घालायचा नाही.

म्हणून प्रश्नांची एक शीट केली. चौदा प्रश्न, फ्रेंचमध्ये, अगदी नम्र. बाजार ओताँतीक म्हणजे विकणारे सगळे आसपासचेच उत्पादक आहेत का? खानावळ ओताँतीक म्हणजे एकाच कुटुंबाची आहे का, की मेनू फळ्यावर लिहितात म्हणून? गल्ल्या पितोरेस्क म्हणजे दगडी, उताराच्या, की फुलांच्या कुंड्यांच्या? देखावा नक्की कुठे उभं राहून दिसतो? तीन दिवसांनी उत्तर आलं, थोडं वैतागलेलं पण सविस्तर. बंदरात अजून कालवं वाढवणाऱ्यांच्या सपाट बुडाच्या होड्या लागतात. बाजारात बाहेरचे व्यापारी बसू देत नाहीत. खानावळ आई आणि मुलगी चालवतात. गल्ल्यांपैकी दोन इतक्या अरुंद की गाडी जात नाही. आणि देखावा धक्क्यावरून दिसतो, समोर थेट ईल-ओ-म्वान हे बेट, आणि चर्चच्या मागे चढून गेलं की बाकीची बेटं. म्हणजे सगळं होतं त्यांच्याकडे, फक्त विशेषणाखाली झाकून ठेवलं होतं.

मग ते पहिलं वाक्य असं झालं, मराठीत सांगते: आखाताच्या काठावरचं एक लहान दगडी बंदर, मागे झाडी. कालवं काढणाऱ्यांच्या सपाट होड्या अजून इथेच लागतात. धक्क्यावर उभं राहिलं की ईल-ओ-म्वान समोर, आणि चर्चमागच्या वाटेने वर गेलात की आखातातल्या चाळीसेक बेटांपैकी आणखी बेटं दिसायला लागतात. इंग्रजीत एकाची चार छोटी वाक्यं. दहा विशेषणांतलं एकच राहिलं, लहान, आणि दगडी तर मूळात नव्हतंच, ते क्लायंटच्या उत्तरातून आलं. गल्ल्यांचं वाक्य पुढच्या परिच्छेदात नेलं. शेवटचं क्रियापदही बदललं, कारण फ्रेंचमध्ये गाव तुम्हाला भुरळ घालतं, 'स्वतःला मोहित होऊ द्या' असं सांगतं, आणि ते इंग्रजीत शब्दशः केलं की जरा भलत्याच धंद्याची जाहिरात वाटते. इंग्रजीत 'तुम्ही' चालता, चढता, बघता. माणसाला हलवलं की विशेषणाचं अर्धं काम आपोआप होतं.

काही शब्द फुगलेले दिसतात पण फुगलेले नसतात, आणि इथे आपला किनारा कामाला आला. एका पानावर होतं ग्राँद मारे, शब्दशः 'महान भरती'. लाल पेन चालवणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की अगं हे तर उधाण! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं ते, आपण भांगाची आणि उधाणाची भरती म्हणतो त्यातलं. फ्रान्समध्ये भरतीला 20 ते 120 असा एक आकडा देतात, तो 100 च्या वर गेला की ग्राँद मारे. 'ग्राँद' हे तिथे कौतुक नाही, ते परिमाण आहे. इंग्रजीत त्याला स्प्रिंग टाइड म्हणतात, पण सामान्य टुरिस्टला स्प्रिंग म्हणजे वसंत ऋतू वाटतो, म्हणून मी 'वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या' असं फोड करून लिहिलं. सुपरलेटिव्ह आला खरा, पण खरा सुपरलेटिव्ह. त्याच पानावर पेश आ पिये होतं, शब्दशः पायी मासेमारी, आणि त्याला 'आनंददायी व अविस्मरणीय' अशी शेपटी. ती म्हणजे ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत वाकून तिसऱ्या-मुळे वेचणं, जे आमच्याकडे बायका कंबर मोडेपर्यंत करतात आणि अविस्मरणीय वगैरे कुणी म्हणत नाही. शेपटी छाटली. त्याऐवजी क्लायंटच्याच दुसऱ्या पानावरची सूचना, की ठराविक मापापेक्षा लहान शिंपला परत टाकायचा, ती इथे आणून लावली.

उलट्या जातीचे सापळेही आहेत. 'आँस्याँ' हे विशेषण नामाच्या आधी आलं की त्याचा अर्थ 'प्राचीन' नसून बहुतेक वेळा 'पूर्वीचं' असा असतो. आँस्याँ मुलँ आ मारे, म्हणजे पूर्वी भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी, आता तिथे प्रदर्शन. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये त्याचं प्राचीन केलं होतं, आणि वाचणारा चाक फिरताना बघायला गेला असता. आणि बालाद गूर्माँद म्हणजे वाटेत खात-पीत केलेली भटकंती, तिचं कुणीतरी जुन्या इंग्रजी आवृत्तीत 'अधाशी फेरफटका' केलं होतं, ते वाचून मी एकटी हसत होते आणि खालून आत्या विचारत होती काय झालं.

आता माझी चूक सांगते, कारण पेन एकदा चालायला लागलं की थांबत नाही.

आसपासच्या सहलींच्या पानावर रोशफोर-आँ-तेर या गावाबद्दल लिहिलं होतं, 'फ्रान्समधल्या सर्वात सुंदर खेड्यांपैकी एक'. मी म्हटलं, झालं, आली अतिशयोक्ती, आणि लिहून टाकलं 'एक अतिशय देखणं खेडं'. खुशीत पुढे गेले. तसंच आखाताबद्दल 'जगातल्या सर्वात सुंदर उपसागरांपैकी एक' होतं, तेही खाली आणलं. पहिल्या निम्म्या पानांचा ड्राफ्ट क्लायंटकडे गेला आणि टुरिस्ट ऑफिसमधल्या बाईंची मेल आली, ती मेल मी अजून ठेवलीय, सभ्य फ्रेंचमध्ये माणूस किती चिडू शकतो याचा नमुना म्हणून. ते विशेषण नव्हतंच. ले प्ल्यू बो व्हिलाज द फ्राँस ही 1982 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे, तिच्यात यायचं तर गावाची लोकसंख्या 2000 च्या वर नको, गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत, रीतसर अर्ज, तपासणी, वर्गणी. सुंदर उपसागरांचाही तसाच एक आंतरराष्ट्रीय क्लब आहे आणि हे आखात त्याचं सभासद आहे. म्हणजे मी एका गावाचं कमावलेलं सर्टिफिकेट 'छान आहे हो' असं म्हणून परत केलं होतं.

मला हे माहीत असायला हवं होतं. खूण असते, मोठी अक्षरं, पण ब्रोशर लिहिणारे स्वतःच निम्म्या ठिकाणी ती लहान करतात आणि मग लेबल साध्या वाक्यासारखं दिसतं. त्यानंतर मी अख्खा मजकूर फक्त लेबलं शोधायला परत वाचला. एका बागेला 'रमार्काब्ल' म्हटलं होतं, मी 'लक्षणीय'सुद्धा काढून नुसती बाग ठेवली होती, तर जार्दँ रमार्काब्ल हे फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाचं 2004 पासूनचं अधिकृत लेबल निघालं. अशा ठिकाणी मग एकच पद्धत ठेवली: लेबलचं फ्रेंच नाव तसंच, मोठ्या अक्षरांत, आणि पहिल्यांदा आलं तिथे चार शब्दांत ते काय आहे. शब्द वाढतात, पण ते विशेषण राहात नाही, माहिती होते.

आणि मग कार्नाक. मॉर्बियाँच्या किनाऱ्यावरचे ते हजारोंनी ओळीत उभे केलेले दगड, जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, 'कार्नाक आणि मॉर्बियाँच्या किनाऱ्यावरचे महापाषाण' म्हणून. आमच्यासाठी गंमत अशी की त्याच बैठकीत आपले मराठ्यांचे बारा किल्ले आले, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग सगळे. म्हणजे मी जो किल्ला खिडकीतून बघत होते तो आणि ज्या दगडांचं मी इंग्रजी करत होते ते, एकाच गाडीतून उतरलेले. त्या पानावर 'व्हालर युनिव्हेर्सेल एक्सेप्स्यॉनेल' असं होतं, आणि आधीच्या 20 पानांत मी एक्सेप्स्यॉनेल दिसेल तिथे कापत आले होते, तर हात आपोआप तिकडे गेला. पण गावात लागलेल्या बॅनरवर मी 'वैश्विक मूल्य' वगैरे वाचलेलं होतं म्हणून वाचले. युनेस्कोची ती ठरलेली संज्ञा आहे, यादीत यायची अटच ती, इंग्रजीत तिला आउटस्टँडिंग युनिव्हर्सल व्हॅल्यू म्हणतात. तिथे एक्सेप्शनल लिहिलं तरी चूक आणि काढलं तरी चूक. अख्ख्या ब्रोशरमध्ये एक्सेप्स्यॉनेल 9 वेळा होतं आणि शेवटी तेवढं एक जगलं.

दुसरी चूक हिच्या उलट्या बाजूची. लेबलवाल्या मेलनंतर मी घाबरून जास्तच काटेकोर झाले, आणि गाव्रिनिसचं पान अगदी सरकारी गॅझेटसारखं केलं. गाव्रिनिस म्हणजे आखातातलं एक बेट, त्यावर सुमारे 6000 वर्षांपूर्वीचा दगडी ढिगारा, आत एक लांब बोळ आणि बोळाच्या भिंतींच्या 29 शिळांपैकी 23 कोरलेल्या. फ्रेंचमध्ये तिथे गूढ, मंत्रमुग्ध, कालातीत असं सगळं होतं, मी सगळं काढून शिळांची संख्या ठेवली. एडिटरबाईंनी या पानावर लिहिलं की हे खरं आहे पण माझा पाय इथे ओढला जात नाही. मी म्हटलं आधी म्हणता विशेषणं जास्त, आता म्हणता कमी. पण त्या बरोबर होत्या, मी विशेषणांबरोबर क्रमही मारला होता. फ्रेंचमध्ये वाचक आधी बोटीत बसत होता, मग आत जात होता, मग अंधार, मग नक्षी. मी सगळं एका वाक्यात कोंबलं होतं. परत तसं उलगडलं, बोट, वाकून आत, मग भिंतीभर कोरलेली वळणं, मग आकडा, 29 पैकी 23. एकही विशेषण परत आणलं नाही तरी पान चालायला लागलं. एकच शब्द नंतर ठेवला, 'दाट', नक्षीसाठी, कारण फोटोत बघितलं तर खरंच शिळेवर बोटभर जागा मोकळी दिसत नाही.

शेवटचा ड्राफ्ट 5600 इंग्रजी शब्दांचा झाला. फ्रेंचमधून इंग्रजी तसंही थोडं आखूड होतंच, पण इथे कात्रीचाही वाटा होता, आणि आता लेआउटवाल्याची बोंब, चौकटी रिकाम्या दिसतायत. टुरिस्ट ऑफिसने मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून शब्द मोजले आणि विचारलं, आम्ही लिहिलेलं गेलं कुठे? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, म्हणून तीन परिच्छेदांचे तक्ते तयार ठेवले होते: डावीकडे फ्रेंच, मध्ये शब्दशः इंग्रजी, उजवीकडे माझं, आणि खाली प्रत्येक विशेषणाचं काय झालं ते. गेलं, माहितीत बदललं, लेबल म्हणून राहिलं. बोलून जे पटलं नसतं ते तक्त्याने पटलं, अर्थात सगळं नाही. तह असा झाला की कव्हर आणि मथळे त्यांचे, तिथे घोषणा असते, ती त्यांनी हवी तशी करावी. आतल्या मजकुरात परिच्छेदाला जास्तीत जास्त एक कौतुकाचा शब्द, आणि 'अँकोंतूर्नाब्ल', म्हणजे चुकवूच नये असं, हे अकरा ठिकाणी होतं ते फक्त दोन ठिकाणी, बाकी ठिकाणी ती जागा यादीत पहिली टाकायची. पहिली असली की लोक जातातच. रिकाम्या चौकटींत बोटींच्या वेळा घातल्या, पोर-ब्लाँहून ईल-ओ-म्वान 5 मिनिटं वगैरे.

फेब्रुवारीत छापील प्रत पोस्टाने मालवणात आली, पाकिटाला दमट वास. तिसऱ्या पानावर पहिलंच वाक्य बघितलं. लहान दगडी बंदर, सपाट होड्या, धक्का, सगळं जसंच्या तसं, आणि चर्चमागच्या देखाव्याच्या आधी कुणीतरी हळूच 'ब्रेथटेकिंग' परत घालून ठेवलेलं.

आत्याला दाखवलं तर तिने फोटो बघितले, कालवं बरी दिसतात म्हणाली, आणि तिच्या नव्या बोर्डासाठी मला इंग्रजी मजकूर लिहून मागितला. मी लिहून दिलं: तीन खोल्या, घरचं मालवणी जेवण, दर्या 200 पावलांवर, वरच्या खोलीतून दिसतो. तिने ते रंगवून घेतलं. आणि वर जागा उरली होती, पेंटर तेवढ्याच पैशात करत होता, म्हणून मोठ्या लाल अक्षरांत 'स्वर्गाहून सुंदर'.